‘सुकानी’ की ‘सुखाने’?

काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात एका वृद्ध खालांची मुलाखत आम्ही मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. खालांचे वडील जहाजावर नोकरीला होते. कोकणातल्या मुस्लिम गावांत ‘बोटीवर जाणे’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा पेशा. सारंग, तांडेल, सुकाणी, कसब, भंडारी, खलाशी अशा हुद्द्यांवर इथली माणसे इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर जगभर फिरली. दुसऱ्या महायुद्धात खालांचे वडील समुद्रात बुडाले. तेव्हा खाला सहा-सात वर्षांच्या होत्या. त्यांना जे आठवत होते, ते त्यांनी पाऊण तासात सांगितले.

ती चित्रफीत त्यांच्या नातवाने इंटरनेटवर टाकली आणि खाली मराठी अक्षरे आपोआप उमटण्याची सोय सुरू केली. मग त्याचा मला फोन आला. “चाचा, दादी म्हणतायत की त्यांचा बाप बोटीवर सुखाने होता. पण तो तर बुडाला ना?”

मी चित्रफीत उघडली. खाली खरोखरच लिहिले होते:

```
41
00:12:07,200 --> 00:12:11,000
माझा बाप इसका पियानोच्या
बोटीवर सुखाने होता.

42
00:12:11,400 --> 00:12:16,100
मुंबईला सायनला आला की गावाला यायचा.
नळी आमच्या पेटीत असायची.
```

खाला काय म्हणाल्या होत्या ते मला आठवत होते. तरी पुन्हा ऐकले. त्या म्हणाल्या होत्या: “माझा बाप इसाक पीएनोच्या बोटीवर सुकानी व्हता. मुंबैला साइनाफ झाला की गावाला यायचा. नली आमच्या पेटीत असायची.”

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी अर्थ सांगतो. इसाक म्हणजे इसहाक, हे वडिलांचे नाव. घरच्यांच्या इच्छेमुळे पूर्ण नाव इथे देत नाही. पीएनो म्हणजे पी. अँड ओ., ही मुंबई-लंडन मार्गावरची प्रसिद्ध ब्रिटिश जहाज कंपनी. सुकानी म्हणजे सुकाणी, सुकाणूवर उभा राहून जहाजाची दिशा सांभाळणारा. साइनाफ म्हणजे ‘साइन ऑफ’. फेरी संपली की खलाशी कचेरीत सही-अंगठा करून मोकळा होई, ते. आणि नली म्हणजे खलाशाच्या नोकरीचा दाखला. कोणत्या बोटीवर, किती काळ, कोणत्या हुद्द्यावर काम केले याची नोंद त्यात असे. तो हातात नसेल तर पुढची बोट मिळत नसे.

यंत्राने लिहिलेली वाक्ये आता पुन्हा वाचा. एका माणसाचे नाव गेले, मालक गेला, हुद्दा गेला, नोकरीचा कागदही गेला. उरला तो पियानोच्या बोटीवर सुखाने राहणारा, सायनला येणारा, घरी नळी ठेवणारा कोणी एक बाप. विशेष म्हणजे वाक्य व्याकरणाने जवळपास बिनचूक आहे. आवाज बंद ठेवून वाचणाऱ्याला ‘सुखाने’ या शब्दात काहीच खटकणार नाही.

न कळलेला शब्द जुने लेखनिक कसा लिहीत?

परके नाव किंवा शब्द कानावर पडला आणि तो लिहायचा झाला, ही अडचण मराठीला नवी नाही. सतराव्या-अठराव्या शतकातली मराठी पत्रे आणि बखरी चाळल्या तर आदिलशहा हा ‘येदिलशहा’ किंवा ‘इदलशहा’ म्हणून भेटतो. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला मराठी कारकून ‘विजरई’ लिहितात. ईस्ट इंडिया कंपनीची ‘कुंपणी’ होते आणि एल्फिन्स्टनचा ‘अल्पिष्टन’.

आज आपण याला अशुद्ध म्हणू. पण त्या लेखनिकाने काय केले ते नीट पाहा. ‘विजरई’ हा मराठी शब्द नव्हता. त्याला पोर्तुगीज येत नव्हते, शब्दाची फोड माहीत नव्हती. म्हणून त्याने कानावर पडलेला ध्वनी मराठी अक्षरांत उतरवला. आपल्या ओळखीचा दुसरा कुठला शब्द तिथे बसवला नाही. त्यामुळे दोन-तीनशे वर्षांनी संशोधक ‘विजरई’वरून मूळ पोर्तुगीज शब्दाकडे परत जाऊ शकतो. ध्वनी शाबूत आहे, म्हणून परतीची वाट शाबूत आहे.

याच्या उलट प्रकारही इतिहासात घडला आणि त्याचा सर्वांत गाजलेला नमुना मोहरमचा आहे. ताबूताच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ असा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानावर पडे. त्यांनी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले. हॉब्सन आणि जॉब्सन ही दोन्ही इंग्रजांची ओळखीची आडनावे. म्हणजे इथे ध्वनी लिहिला गेला नाही, ध्वनीच्या जवळपासचे घरचे नाव बसवले गेले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा मोठा कोश छापला, तेव्हा त्याला हेच नाव दिले.

त्याच कोशात आपला सुकाणीही आहे. अरबीत ‘सुक्कान’ म्हणजे जहाजाचे सुकाणू, आणि ते धरणारा सुक्कानी. मराठीने सुकाणू आणि सुकाणी हे शब्द तिथूनच घेतले. इंग्रजांनी मात्र तो शब्द ‘सी-कनी’ असा ऐकला, कारण ‘सी’ म्हणजे समुद्र हे त्यांना ठाऊक होते. माणूस जहाजावरचा, तेव्हा नावात समुद्र असणारच, असा त्यांच्या कानाचा हिशेब.

म्हणजे परका शब्द लिहिण्याचे दोन मार्ग झाले. एक विजरईचा, दुसरा हॉब्सन-जॉब्सनचा. बोलणे ऐकून लिहिणारे यंत्र दुसऱ्या मार्गाने जाते. खालांच्या वडिलांच्या बाबतीत जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

यंत्र ओळखीच्या शब्दाकडे का ओढले जाते?

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने ‘ऑड्री’ नावाचे यंत्र बनवले. ते शून्य ते नऊ एवढे आकडे ओळखी, तेही ओळखीच्या माणसाच्या आवाजात. १९६२ साली आयबीएमने दाखवलेल्या ‘शूबॉक्स’ला सोळा शब्द कळत. २००९ मध्ये यूट्यूबवर इंग्रजी चित्रफितींखाली आपोआप अक्षरे येऊ लागली. मराठीची पाळी बरीच उशिरा आली. गूगलने आवाजावरून टाइप करण्याची सोय मराठीला २०१७ मध्ये दिली.

यंत्र काय करते ते सोप्या भाषेत असे सांगता येईल. आवाजाचे ते अतिशय बारीक तुकडे करते, साधारण सेकंदाला शंभर. प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीसारखा वाटतो याचे अंदाज बांधते. ‘सुकानी’च्या वेळी त्याच्यासमोर सुकानी, सुखानी, सुखाने, सुकाणू असे अनेक पर्याय असतात. कोणता घ्यायचा हे ते केवळ कानाने ठरवत नाही. आजवर सरावासाठी मिळालेल्या मजकुरात या जागी कोणता शब्द जास्त वेळा आला होता, हेही ते मोजते. ‘सुखाने’ हजारो वेळा आला असेल, ‘सुकानी’ कदाचित एकदाही नाही. आवाज थोडा अस्पष्ट असला, मागे कोंबडा आरवत असला, की कानापेक्षा आठवणीचे पारडे जड होते.

हा सराव बराचसा कशावर झालेला असतो? वाचून दाखवलेल्या वाक्यांवर आणि प्रमाण मराठीत बोलणाऱ्यांच्या आवाजावर. त्यात ऐंशीच्या घरातल्या, दात पडलेल्या, कोकणी बोलणाऱ्या मुस्लिम बाईचा आवाज क्वचितच असतो. इसाक, कासम, हवाबी, फातमा ही नावे सरावात कमी आली, म्हणून ऐकताना कमी ओळखू येतात. यात कोणाचा द्वेष असण्याची गरज नाही. जे कमी वेळा लिहिले गेले ते पुढेही चुकीचे लिहिले जाते, एवढाच हिशेब आहे. पण त्याचा परिणाम मात्र ठरावीक माणसांच्याच नावांवर होतो.

चुकांचे दोन प्रकार

ती चित्रफीत दुरुस्त करायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की काही चुका दिसतात आणि काही दिसत नाहीत. ‘इसका’ दिसते, कारण मराठी वाक्यात मध्येच हिंदी शब्द आला. ‘पियानोच्या बोटीवर’ हेही खटकते. ‘सुखाने’ दिसत नाही. ‘नळी’ दिसत नाही. ‘सायनला आला’ तर मुळीच दिसत नाही. मुंबईत सायन आहेच, माणूस तिथे येऊही शकतो.

म्हणून नुसते वाचून दुरुस्ती करता येत नाही. मी सुरुवातीला तेच केले होते. खटकणारे शब्द दुरुस्त केले आणि काम झाले असे समजलो. नंतर आवाज लावून ओळ न् ओळ तपासली तेव्हा कळले, की मी ज्यांना हातही लावला नव्हता अशाच ओळींत जास्त नुकसान झाले होते.

‘नळी’ने तर मला जवळजवळ फसवले. आमच्या किनाऱ्याच्या बोलीत पुष्कळदा ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. पाण्याला पानी, काळ्याला काला. तेव्हा खालांनी ‘नली’ म्हटले म्हणजे त्यांना ‘नळी’च म्हणायचे असणार, यंत्राने बरोबरच लिहिले, असे मला वाटले. मी ती ओळ तशीच सोडली. पुढे खालांच्या मुलाने जुनी पत्र्याची पेटी दाखवली आणि म्हणाला, “आजाची नली यातच व्हती.” मग उलगडा झाला. खलाशी हा दाखला गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत, म्हणजे आगबोटीच्या दमट हवेत तो खराब होत नसे. त्यावरून त्या कागदालाच नली म्हणू लागले, असे त्याचे सांगणे. म्हणजे यंत्राने लिहिलेला शब्द मुळाशी नात्यातलाच होता, पण इथे चुकीचा होता. पेटीत नळकांडे नव्हे, एका माणसाच्या नोकरीचा पुरावा होता.

एक ओळ दुरुस्त करायची म्हणजे काय करायचे

आता कामाची रीत सांगतो.

ऐकायला बसण्याआधी मी घरच्यांकडून एक यादी घेतो. घरातल्या माणसांची नावे, गावांची आणि वाड्यांची नावे, पेशातले शब्द. यंत्राची जी आठवण अपुरी आहे, ती ही यादी भरून काढते. आपली स्वतःचीही आठवण अपुरीच असते. ‘टिलबरी’ हे लंडनजवळच्या बंदराचे नाव यादीत नसते, तर खाला काय म्हणतात ते मलाही कळले नसते.

मग तीन वेळा ऐकतो. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, कोण कशाबद्दल बोलत आहे ते समजण्यासाठी. दुसऱ्यांदा पाऊण वेगाने, एकेक ओळ थांबवून, शब्द दुरुस्त करत. तिसऱ्यांदा पुन्हा नेहमीच्या वेगाने, ओळ वेळेवर उमटते का ते पाहण्यासाठी. शब्द वाढले की ओळ लांबते आणि वाचून होण्याआधीच निघून जाते. तेव्हा ती दोनांत तोडावी लागते. तासाभराच्या बोलण्याला मला आठ-दहा तास लागतात.

एकदम सगळीकडे शब्द बदलण्याची सोय संगणकात असते. ती जपून वापरावी. मी एकदा सगळ्या ‘सायन’चे ‘साइनाफ’ करून टाकले. पुढे खाला सांगत होत्या, की त्यांचा धाकटा दीर सायनला राहायला गेला. माझ्या कृपेने तो दीर साइनाफला राहायला गेला! यंत्राची चूक दुरुस्त करताना मी स्वतःची घातली. तेव्हापासून शोधण्याचे काम संगणकावर सोडतो, बदलण्याचे स्वतःच्या कानावर ठेवतो.

तीनदा ऐकूनही शब्द कळला नाही तर तिथे ‘[अस्पष्ट]’ लिहितो आणि वेळ टिपून ठेवतो. अंदाजाने शब्द भरण्याचा मोह फार होतो. पण तसे केले तर आपणही हॉब्सन-जॉब्सनच करतो. रिकामी जागा पुढचा कोणी भरू शकतो. चुकीने भरलेली जागा कोणाला दिसतही नाही.

दुरुस्त झालेला मजकूर असा झाला:

```
41
00:12:07,200 --> 00:12:11,000
माझा बाप इसाक पीएनोच्या
बोटीवर सुकानी व्हता.

42
00:12:11,400 --> 00:12:14,000
मुंबैला साइनाफ झाला
की गावाला यायचा.

43
00:12:14,200 --> 00:12:16,100
नली आमच्या पेटीत असायची.
```

‘व्हता’चे ‘होता’ करायचे का?

इथे नातवाशी माझा वाद झाला. त्याचे म्हणणे, “चाचा, ‘व्हता’ लिहिलं तर लोक दादीला अडाणी समजतील.” त्याची भावना मला कळत होती. ज्यांच्या मराठीवर उठता-बसता शंका घेतली जाते, त्यांना आपल्या आजीचे मराठी नीटनेटके दिसावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही मी ‘व्हता’च ठेवले. कारण या ओळी म्हणजे खालांची साक्ष आहे, माझा निबंध नव्हे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो मराठीचा. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी अशा किनाऱ्यावरच्या बोली नोंदवल्या आहेत. नमुन्यासाठी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट निरनिराळ्या बोलींत लिहून घेतली गेली. ती प्रमाण मराठीत सुधारून लिहिली असती, तर कोणत्या गावात काय बोलत हे आज कळायला काहीच साधन उरले नसते. खालांच्या ‘व्हता’त आणि ‘पानी’त त्यांचे गाव आहे. ते पुसून मी त्यांना प्रतिष्ठा देत नाही, त्यांचा पत्ता काढून घेतो.

यंत्राच्या अचूकतेचे जे आकडे सांगितले जातात, त्यांचाही इथे विचार करायला हवा. वरच्या बोलण्यात १७ शब्द आहेत. खालांचा उच्चार प्रमाण धरला तर यंत्राचे ८ शब्द चुकले, म्हणजे जवळपास ४७ टक्के. पण ‘होता’ आणि ‘मुंबईला’ हेच बरोबर मानले तर चुका ६ होतात, म्हणजे साधारण ३५ टक्के. कोणाची मराठी बरोबर धरायची यावर आकडा ठरतो. शिवाय या मोजणीत ‘व्हता’चे ‘होता’ झाले काय आणि ‘इसाक’चे ‘इसका’ झाले काय, दोन्ही एक-एकच चूक. पहिलीत बोली गेली, दुसरीत माणूसच गेला.

इसाक, इसहाक आणि Essack

नावाचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण या घराच्या दृष्टीने तोच पहिला आहे.

मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या अविभाजित हिंदुस्थानातल्या खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदीत सहा हजारांहून अधिक नावे आहेत. समुद्राखेरीज ज्यांना कबर मिळाली नाही, त्यांची ही नावे. ती इंग्रजी लिपीत आहेत, आणि जहाजांच्या कागदपत्रांत आपली नावे इंग्रज कारकुनांना ऐकू आली तशी आहेत. इसहाकचा Essack, कासमचा Cassim, मोहंमद तर अनेक प्रकारे.

पण गंमत पाहा. Essack हे शुद्ध नसले तरी त्यात इसाक ऐकू येतो. तो कारकून विजरईच्या मार्गाने गेला होता. म्हणून आज ऐंशी वर्षांनी नातवाला निदान काय टाइप करून शोधायचे हे कळते. ‘इसका’वरून मात्र त्याला कुठेच जाता आले नसते. खाला आज हयात नाहीत. आवाजाची ती एक फीत हरवली असती आणि नुसती यंत्राची अक्षरे उरली असती, तर या घराच्या हातात सुखाने राहणारा एक निनावी बाप उरला असता.

म्हणून आम्ही असे ठरवले. चित्रफितीच्या ओळींत ‘इसाक’ राहील, कारण खाला तसे म्हणाल्या. खालच्या माहितीत मात्र ‘इसहाक, इसाक, Essack’ अशी तिन्ही रूपे लिहायची, म्हणजे कोणीही कसेही शोधले तरी माणूस सापडेल. ‘सुकानी’पुढे ‘सुकाणी’, ‘पीएनो’पुढे ‘पी. अँड ओ.’ हेही तिथेच. एक बारीक गोष्टही सांगून ठेवतो. ‘फ’खाली नुक्ता दिला की संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे अक्षर होते. पुष्कळ ठिकाणी ‘फ़ातिमा’ शोधले तर ‘फातिमा’ सापडत नाही. नुक्ता द्यायचा की नाही ते एकदा ठरवावे आणि सगळीकडे तसेच लिहावे.

नातू अजून शोधतो आहे. इसाक नावाचा माणूस एकटा नसणार. बापाचे नाव, हुद्दा आणि गाव जुळल्याशिवाय खात्री होणार नाही. त्यातला हुद्दा आता त्याला ठाऊक आहे. त्याने यादीत आपल्या हाताने लिहिले आहे: सुकानी.